अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही छातीत दुखते

एका ५४ वर्षांच्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. ही कोणी विशिष्ट व्यक्ती नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत वारंवार दिसणारे चित्र एका ठिकाणी मांडता यावे, म्हणून तिची कल्पना केली आहे. पाळी बंद होऊन तिला चार वर्षे झाली आहेत आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. शाळेचा दुसरा मजला चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण येते, ते जबड्यापर्यंत जाते आणि वर पोहोचून खुर्चीवर बसल्यावरही पंधरा-वीस मिनिटे ओसरत नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये ईसीजी बदलतो, म्हणून अँजिओग्राफी होते आणि तिच्यात एकही ब्लॉकेज सापडत नाही. ‘हृदय ठणठणीत आहे, ॲसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका,’ असे सांगून तिला घरी पाठवले जाते. पुढच्या सोमवारी त्याच जिन्यावर तेच दडपण पुन्हा येते.

अँजिओग्राफी खोटे बोललेली नसते. तिला जेवढे विचारले, तेवढ्याचेच उत्तर तिने दिलेले असते. या तपासणीत रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्र घेतात आणि त्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या स्पष्ट दिसत नाहीत. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या दोन ते चार मिलिमीटर व्यासाच्या धमन्या तेवढ्या नीट दिसतात. हृदयाच्या स्नायूला कोणत्या क्षणी किती रक्त मिळावे, हे मात्र मुख्यतः स्नायूत शिरलेल्या, केसासारख्या बारीक धमनिकाच ठरवतात. कालवा काठोकाठ भरून वाहतो आहे एवढ्यावरून शेतातल्या चाऱ्यांची दारे उघडली आहेत की नाहीत, हे कळत नाही. तसाच हा प्रकार आहे.

ही दारे उघडणे हृदयासाठी इतर अवयवांपेक्षा अधिक निकडीचे असते. स्वस्थ बसलेले असतानाही हृदयाचा स्नायू आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो, त्यामुळे श्रम वाढल्यावर त्याच रक्तातून आणखी फारसे मिळण्यासारखे उरत नाही आणि रक्ताचा प्रवाह वाढवणे हाच मुख्य मार्ग राहतो. निरोगी हृदयात हा प्रवाह गरजेनुसार तीन-चार पटींनी वाढू शकतो. धमनिकांच्या भिंती जाड व ताठर झाल्या, किंवा त्यांचे अस्तर बिघडून त्या प्रसरण पावण्याऐवजी आकसू लागल्या, तर वाढ अपुरी पडते आणि स्नायू प्राणवायूसाठी तडफडू लागतो. यालाच सूक्ष्मवाहिन्यांचा अंजायना म्हणतात. १९७३ मध्ये हार्वे केम्प यांनी अशा रुग्णांसाठी ‘सिंड्रोम एक्स’ हा शब्द वापरला होता. कारण ठाऊक नसल्याची ती प्रांजळ कबुलीच होती. दुर्दैवाने पुढे त्या ‘एक्स’चा अर्थ अनेक दवाखान्यांत ‘काही नाही’ असा झाला.

छातीत दुखते पण मोठ्या धमन्यांत अडथळा नाही, अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. याचे एक कारण सर्वांना सुचते, ते म्हणजे इस्ट्रोजेन. हे संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करते आणि त्या वायूमुळे वाहिन्या सैलावतात. रजोनिवृत्तीनंतर हा आधार कमी होतो आणि नेमक्या त्याच वयात रक्तदाब, मधुमेह व वजन वाढू लागतात. तरीही सगळा दोष संप्रेरकांवर टाकता येत नाही, आणि या दुखण्यासाठी म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात नाहीत. दुसरे कारण कमी सांगितले जाते. स्त्रियांच्या हृदयात विश्रांतीच्या वेळचा प्रवाह सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतो. मूळ प्रवाहच मोठा असेल, तर तो आणखी किती पटींनी वाढू शकेल याला आधीच मर्यादा येते. ल्यूपस, संधिवात यांसारखे अस्तराला दाह देणारे विकारही स्त्रियांत अधिक आढळतात. शिवाय ग्रामीण महाराष्ट्रात ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई रोज मिश्री लावत असू शकते, म्हणून तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

निदान मोजून करता येते. अँजिओग्राफी होते त्याच कॅथलॅबमध्ये, टोकाजवळ दाब आणि तापमान मोजणारी अतिशय बारीक तार धमनीत सरकवतात. खोलीच्या तापमानाचे थोडेसे सलाइन झटकन सोडले की त्याची गार लाट तारेच्या टोकापर्यंत किती वेळात पोहोचते, हे यंत्र नोंदवते. मग ॲडेनोसिन देऊन धमनिका शक्य तेवढ्या उघडतात आणि पुन्हा मोजतात. त्या दोन-तीन मिनिटांत धाप लागल्यासारखे होते, पण ते लगेच थांबते. आपल्या शिक्षिकेत विश्रांतीच्या वेळी हा काळ ०.९ सेकंद आणि ॲडेनोसिननंतर ०.५ सेकंद आला, असे धरू. ०.९ ला ०.५ ने भागले की १.८ येतात, म्हणजे प्रवाह दुप्पटही झाला नाही. हा आकडा दोनच्या खाली असणे विकृत मानतात. त्या वेळी तारेच्या टोकाशी दाब ८० असेल, तर ८० गुणिले ०.५ म्हणजे ४० हा सूक्ष्मवाहिन्यांच्या अवरोधाचा निर्देशांक. २५ आणि त्यापुढे तो वाढलेला समजतात. जिन्यावरच्या दुखण्याला आता आकडा मिळाला. वाहिन्या आकसतात का, हे पाहण्यासाठी ॲसिटिलकोलिन अगदी थोड्या मात्रेत देतात. निरोगी अस्तर त्याने सैलावते, बिघडलेले आकसते, आणि रुग्णाला नेहमीचेच दुखणे जाणवून ईसीजी बदलतो. तार घालायची नसेल, तर पेट स्कॅन किंवा हृदयाचा स्ट्रेस एमआरआय प्रवाहाचा अंदाज देतात, पण आकसणे त्यांत पकडता येत नाही.

एवढा खटाटोप औषध निवडण्यासाठी असतो. अवरोध वाढलेला असेल, तर नेबिव्होलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखा बीटा-ब्लॉकर हृदयाची गती व प्राणवायूची गरज कमी करतो. सोबत एसीई इन्हिबिटर आणि स्टॅटिन दिले जातात. वाहिन्या आकसत असतील, तर डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनसारखे कॅल्शियम ब्लॉकर पहिले येतात, कारण अशा रुग्णात बीटा-ब्लॉकरमुळे आकसणे वाढू शकते. एवढ्याने न भागल्यास रॅनोलाझिन किंवा निकोरँडिल जोडतात. जिभेखालच्या गोळीतल्या नायट्रेटचा परिणाम मुख्यतः मोठ्या वाहिन्यांवर होतो, म्हणून ती गोळी शिक्षिकेला लागू पडली नव्हती. चालण्याचा व्यायाम हाही उपचाराचा भाग आहे. मात्र तो दुखणे सुरू होते त्या वेगाच्या जरा खालून सुरू करून हळूहळू वाढवायचा असतो.

ग्लासगोच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉरमिका चाचणीत अडथळा नसलेल्या १५१ रुग्णांची ही मोजणी केली, पण निम्म्यांचे निकाल त्यांच्या डॉक्टरांना दाखवले नाहीत. ज्यांचे निकाल पाहून औषधे ठरली, त्यांचा अंजायनाचा गुणांक सहा महिन्यांनी शंभरपैकी सुमारे १२ ने अधिक सुधारला होता. मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका टळतो का, हे ठरवण्याएवढी ती चाचणी मोठी नव्हती.

शिक्षिकेचे दडपण तीन महिन्यांत पूर्ण गेले नाही; आठवड्यातून चारदा यायचे ते एकदा येऊ लागले, आणि दुसऱ्या मजल्यावर ती न थांबता पोहोचू लागली. काही श्रम न करता बसल्या जागीच दुखू लागून ते पंधरा मिनिटांहून जास्त टिकले तर जुनी अँजिओग्राफी नॉर्मल असली तरी थेट इस्पितळात यायचे, असे तिला बजावले आहे. फाइलमध्ये अँजिओग्राफीच्या अहवालावर १.८ आणि ४० हे आकडे असलेला कागद तिने पिनेने जोडून ठेवला आहे, कारण रात्रपाळीचा डॉक्टर आधी वरचाच कागद वाचतो.