रॉकेलच्या बाटलीत मोजलेलं पृथ्वीचं चुंबकत्व

'उत्तरेकडे डोकं करून झोपू नका, पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह मेंदूकडे ओढतं.' आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा आला आणि राहवेना म्हणून हे लिहितोय. ठाणे-नवी मुंबई भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३,००० नॅनोटेस्ला आहे. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, आणि नॅनोटेस्ला म्हणजे त्याचा अब्जावा भाग. नेहमीच्या एमआरआय मशीनचं क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे त्याच्या सुमारे पस्तीस हजार पट. त्यात माणसं अर्धा अर्धा तास पडून राहतात आणि कुणाचंही रक्त डोक्यात जाऊन साठत नाही. उत्तर-दक्षिणेची भीती इथेच संपायला हवी.

पण इतकं दुबळं क्षेत्र एवढ्या अचूकपणे मोजतात कसं? मला विलक्षण आवडणारी रीत अशी आहे, की रॉकेलने किंवा पाण्याने भरलेली बाटली घ्यायची आणि तिच्यातल्या प्रोटॉनांनाच विचारायचं.

रॉकेलमध्ये आणि पाण्यात हायड्रोजन भरपूर असतो, आणि हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. त्याला स्पिन असतो, म्हणजे अंगभूत कोनीय संवेग. प्रोटॉन खरोखर गरगर फिरत असतो असं नाही, पण हिशेब फिरत्या वस्तूसारखाच लागतो. या स्पिनच्याच दिशेने त्याचं चुंबकीय आघूर्णही असतं, म्हणून तो एक इवलासा चुंबक ठरतो. होकायंत्राची सुई क्षेत्राच्या दिशेला वळून थांबते, तसा प्रोटॉनही थांबेल असं वाटतं. तो तसा थांबत नाही, कारण त्याच्यापाशी स्पिन आहे. क्षेत्राचा पीळ स्पिनला काटकोनात बसतो. त्यामुळे स्पिनचा कल तसाच राहतो आणि त्याची दिशा क्षेत्राभोवती फिरू लागते. कललेला भोवरा पडण्याऐवजी डोकं गोल गोल फिरवतो, तसंच. या फिरण्याला परांचन म्हणतात.

यातली खरी गंमत कलाच्या हिशेबात आहे. प्रोटॉन जास्त कलला तर पीळ वाढतो, पण स्पिनच्या टोकाला फिरायचं वर्तुळही नेमकं त्याच प्रमाणात मोठं होतं. एका फेरीला लागणारा वेळ तोच राहतो. म्हणून कुठल्याही कलाच्या प्रोटॉनची वारंवारता एकच, आणि ती फक्त क्षेत्रावर ठरते: दर १,००० नॅनोटेस्लाला सेकंदाला ४२.५८ फेऱ्या. ४३,००० नॅनोटेस्लाला झाल्या सुमारे १,८३१ फेऱ्या. ही वारंवारता स्पीकरला जोडली तर शिट्टीसारखी कानाला ऐकू येते.

अडचण एवढीच की बाटलीतले प्रोटॉन एरवी नाना दिशांना तोंड करून असतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. म्हणून बाटलीभोवती तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळतात आणि तिचा अक्ष पृथ्वीच्या क्षेत्राला साधारण काटकोनात ठेवतात. काही सेकंद तिच्यातून प्रवाह सोडून दहा मिलिटेस्लाच्या आसपासचं क्षेत्र तयार करतात. त्या क्षेत्राच्या बाजूने कल असलेल्यांचं आधिक्य दहा कोटींमागे तीन-चार एवढंच असतं. तेवढं पुरतं, कारण बाटलीतल्या प्रोटॉनांची संख्या अफाट असते.

मग प्रवाह झटक्यात तोडायचा. हळूहळू कमी केला, तर प्रोटॉनांची एकत्रित दिशा वळणाऱ्या क्षेत्राच्या मागोमाग जाऊन पृथ्वीच्या क्षेत्राशी समांतर होते आणि फिरायला काही उरतच नाही. झटक्यात तोडला की सगळे एकाच तालात परांचन सुरू करतात आणि त्याच कॉइलमध्ये काही मायक्रोव्होल्टचा सिग्नल उमटतो. तो काही सेकंदांत विरून जातो.

तेवढ्यात मोजणी उरकायची. सेकंदभरात किती फेऱ्या झाल्या हे नुसतं मोजलं, तर एक फेरी चुकली की साडेतेवीस नॅनोटेस्लाची चूक होते. म्हणून उलट करतात आणि हजार फेऱ्यांना किती वेळ लागला ते मोजतात. आपल्याकडे तो साधारण ०.५४६ सेकंद येईल. क्षेत्र एका नॅनोटेस्लाने बदललं तर या वेळात सुमारे तेरा मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, आणि साध्या क्वार्ट्झ घड्याळाच्या सर्किटलाही तो सहज पकडता येतो.

वेधशाळांमध्ये हे उपकरण दीर्घकाळ वापरात आहे, कारण त्याचा आकडा प्रोटॉनच्या गुणधर्मावरच उभा आहे. स्प्रिंग सैल झाली, चुंबक जुना झाला, असली भानगड नाही. मात्र ते फक्त क्षेत्राची एकूण तीव्रता सांगतं. दिशेसाठी वेगळं उपकरण लागतं.

जागाही जपून निवडावी लागते. नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा मुळात कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला मोजमाप सुरू झालं. आमच्यासारख्या सळयांनी भरलेल्या इमारतीत बाटली ठेवली, तर तिच्या एका टोकाला क्षेत्र थोडं जास्त आणि दुसऱ्या टोकाला थोडं कमी पडेल. दोन्हीकडचे प्रोटॉन वेगवेगळ्या वेगाने फिरतील, ताल फुटेल आणि सिग्नल डोळ्याचं पातं लवायच्या आत विरेल. म्हणून जाणकार निरीक्षक आकड्याआधी सिग्नल किती वेळ टिकला ते बघतो. तो नेहमीपेक्षा लवकर मेला, तर जवळपास कुठेतरी लोखंड आहे, आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या पट्ट्याचं बक्कल आणि खिशातल्या किल्ल्या तपासतो.