कॅफेच्या राउटरचा आयपी पूल संपणे

कॅफेत वायफायचा सिग्नल फुल, पासवर्ड बरोबर, आधीपासून बसलेल्यांचं नेट मस्त चालू, आणि नुकत्याच आलेल्या माणसाचा फोन मात्र `Obtaining IP address…` वर अडकून बसतो, याला आयपी पूल संपणे म्हणतात, पूल म्हणजे राउटरकडे वाटायला असलेल्या ॲड्रेसचा साठा. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड किंवा तिकडे वाशी-सीवूड्सला जिथे स्टेशनजवळच्या छोट्या कॅफेत दिवसभर ये-जा असते तिथे हे हमखास होतं, आणि दोष बहुतेक वेळा बिचाऱ्या नेटवाल्याच्या माथी मारला जातो, ज्याचा याच्याशी काही संबंध नसतो.

राउटर प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक तात्पुरता आयपी ॲड्रेस देतो. हे काम डीएचसीपी नावाचा प्रोटोकॉल करतो, त्याचं आजही वापरात असलेलं मुख्य स्पेसिफिकेशन १९९७ चं. फोन ओरडतो "कुणी आहे का", राउटर म्हणतो "हा ॲड्रेस घे", फोन म्हणतो "चालेल, हाच दे", राउटर म्हणतो "दिला, इतका वेळ तुझा". तो "इतका वेळ" म्हणजे लीज. अर्धी लीज झाली की फोन स्वतःहून मुदत वाढवून घेतो. ॲड्रेस परत करायचा मेसेजही प्रोटोकॉलमध्ये आहे, पण दारातून बाहेर पडणारा फोन तो सहसा पाठवत नाही, रेंज गेली की विषय संपला. राउटरला गिऱ्हाईक गेल्याचं कळत नाही, तो लीज संपेपर्यंत ती जागा राखून ठेवतो. म्हणजे लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून माणूस उतरून गेला, आणि रुमाल तसाच.

आता हिशोब बघू. समजा राउटरचा पूल `192.168.0.100` ते `192.168.0.199`, म्हणजे १०० ॲड्रेस, घरगुती राउटरमध्ये ही रेंज खूप ठिकाणी डिफॉल्टच असते. त्यातले १० बिलिंगचा टॅब, किचनचा प्रिंटर, कॅमेरे आणि स्टाफचे फोन यांनी अडवले, उरले ९०. लीज २४ तास. कॅफे सकाळी ८ ला उघडतो, तासाला साधारण २० नवीन डिव्हाइस येतात (१५ माणसं, काहींकडे लॅपटॉप पण), आणि माणूस बसतो पाऊण तास. तर साडेबारा वाजता पूल संपला. त्या क्षणी कॅफेत प्रत्यक्षात किती डिव्हाइस आहेत? फक्त १५! बाकीचे ७५ ॲड्रेस अशा लोकांच्या नावावर आहेत जे एव्हाना ऑफिसात किंवा घरी पोचलेत.

दुसऱ्या दिवशी जे होतं त्यामुळेच माणूस चकतो. काल सकाळी ८ ते साडेबारा दिलेले ॲड्रेस आज त्याच वेळी, त्याच वेगाने सुटतात, त्यामुळे सकाळ निवांत जाते आणि साडेबाराला परत गाडी अडते, कारण काल दुपारनंतर कुणाला ॲड्रेस मिळालेच नव्हते तर आज दुपारी सुटणार काय. रोज ठराविक वेळेला बंद पडतंय हे ऐकलं की मालकाला वाटतं लाइनवर लोड येतोय. रविवारी गर्दी वाढून तासाला ३० डिव्हाइस झाले तर सुटतात तासाला २० च, म्हणजे दार उघडल्यापासूनच तीनातल्या एकाला नेट नाही.

वर आणखी एक भुरटा गळका नळ असतो, बाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असलेले जुने गिऱ्हाईक. त्यांच्या फोनला पासवर्ड आठवतो, फोन खिशातूनच आपोआप जोडला जातो आणि चहा न पिता एक ॲड्रेस २४ तासांसाठी घेऊन जातो. राउटर फोनला ज्यावरून ओळखतो त्या बदलत्या मॅक ॲड्रेसला पण लोक नावं ठेवतात, मॅक बदलला की राउटरला तो नवाच फोन वाटतो, पण आयफोन आणि अँड्रॉइड साधारणपणे एका नेटवर्कला एकच बनावट मॅक बराच काळ धरून ठेवतात, त्यामुळे मुख्य आरोपी तो नाही, मुख्य आरोपी लीजच.

ओळखायचं कसं. गिऱ्हाईक म्हणतं "दादा, वायफाय लागत नाहीये", काउंटरवरचा पोऱ्या स्वतःचा फोन दाखवतो, "माझं तर चालू आहे की!" इथेच कान टवकारायचे. त्याच्या फोनची लीज आधीपासून आहे, त्यामुळे त्याचं चालणारच, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. विंडोज लॅपटॉप अशा वेळी थकून स्वतःच `169.254` ने सुरू होणारा ॲड्रेस लावून घेतो, तो दिसला की राउटरकडून काही मिळालेलं नाही हे नक्की. मग राउटरच्या पेजवर `DHCP Client List` उघडून ओळी मोजायच्या, आत माणसं दहा-बारा आणि यादी शंभराला टेकलेली असेल तर पकडलं. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असेल तर लॉगमध्ये सरळ लिहून येतं:

```
DHCPDISCOVER(br-lan) 3a:5c:11:7e:40:b2 no address available
```

आणि माझी आवडती टेस्ट, अडकलेल्या फोनवर हाताने पूलच्या बाहेरचा ॲड्रेस टाकायचा, इथे `192.168.0.240`, गेटवे `192.168.0.1`, डीएनएस `8.8.8.8`. लगेच नेट आलं तर लाइन ठीक, वायफाय ठीक, फक्त पूल रिकामा. तरीही नाही आलं तर भानगड दुसरी आहे, मग इथे वेळ घालवू नका. स्वस्त राउटरचा रेडिओच ठराविक डिव्हाइसनंतर हात वर करतो, त्यात मात्र फोन आयपीपर्यंत पोचतच नाही, जोडतानाच नकार येतो.

सगळीकडे केला जाणारा उपाय म्हणजे राउटर बंद करून चालू करणे. चालतो, कारण बऱ्याच राउटरमध्ये लीजची यादी मेमरीत असते आणि पुसली जाते, पण साडेचार तासांनी परत तेच. शिवाय नवीन कोऱ्या यादीतून एखाद्या आधीच बसलेल्या माणसाचा ॲड्रेस दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, मग दोघांचंही नेट अडखळतं.

खरा इलाज लीज कमी करणं. `Address Lease Time` बऱ्याच राउटरवर मिनिटांत असतो, १४४० च्या जागी ६० टाका. आता पाऊण तास बसणारा फोन तिसाव्या मिनिटाला मुदत वाढवून घेईल, म्हणजे आल्यापासून दीड तासात ॲड्रेस मोकळा. तासाला २० गुणिले दीड, एका वेळी साधारण ३० ॲड्रेस अडकलेले, रविवारी ४५. त्याच ९० मध्ये निम्मा पूल शिल्लक! बसलेल्या गिऱ्हाइकाला काही जाणवत नाही, मुदतवाढ गुपचूप होते. ५ मिनिटांवर मात्र नेऊ नका, राउटर थोडा वेळ लटकला आणि मुदतवाढ हुकली तर बसलेल्यांचंही नेट जाईल.

यात एक गोची आहे, आधी दिलेल्या २४ तासांच्या लीज सेटिंग बदलल्याने लहान होत नाहीत. सेटिंग सेव्ह केल्यावर रात्री दुकान बंद करताना राउटर एकदा रीस्टार्ट करायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन येतो "काय उपयोग झाला नाय हो".

पूल मोठा करणं हा दुसरा मार्ग, सुरुवात `100` ऐवजी `20` वर आणली की ८० ॲड्रेस वाढले, फक्त आधी किचनचा प्रिंटर किंवा कॅमेरा हाताने `192.168.0.50` वगैरेवर बसवलेला नाही ना ते बघा, नाहीतर तो ॲड्रेस कुणाच्यातरी फोनला जाईल आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्या छापायच्या बंद होतील. पण २४ तासांची लीज तशीच ठेवून नुसता पूल वाढवला तर ८० ॲड्रेस म्हणजे ४ तास, साडेबाराचं दुखणं साडेचारला.