वेगवान रेल्वेतील हँडओव्हर

मोबाइल टॉवरचा सिग्नल ज्या भागात पोहोचतो, त्याला सेल म्हणतात, आणि चालू कॉल न तोडता एका सेलकडून शेजारच्या सेलकडे सोपवण्याच्या क्रियेला हँडओव्हर म्हणतात. फोर-जीमध्ये सिग्नल मोजण्याचे काम फोन करतो आणि निर्णय टॉवर घेतो. शेजारचा सिग्नल चालू सिग्नलपेक्षा ठरावीक फरकाने, समजा ३ डेसिबलने, सरस झाला आणि ठरावीक वेळ तसाच राहिला, की फोन टॉवरला तसे कळवतो. मग जुना टॉवर नव्याकडे जागा मागतो, ती मिळाल्यावर फोनला ‘तिकडे जा’ असा आदेश देतो आणि फोन नव्या सेलशी जोडून घेतो. प्रत्यक्ष खंड सहसा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने तो बोलताना सहसा जाणवत नाही.

फोनचा अहवाल आणि टॉवरचा आदेश हे दोन्ही जुन्या, क्षीण होत चाललेल्या सिग्नलवरूनच जातात. रेल्वेच्या वेगात नेमकी इथेच अडचण येते. थांबण्याची मुदत ४८० मिलिसेकंद धरली, तर तेवढ्यात पायी चालणारा माणूस हातभरच पुढे सरकतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे त्याच वेळात ४० मीटर जाते. टॉवर दीड किलोमीटर अंतरावर असतील, तर दर १८ सेकंदांनी हा खटाटोप करावा लागतो, आणि डब्यातील शेकडो फोन जवळजवळ एकाच वेळी तो करत असतात. त्यात डब्याचा धातूचा सांगाडा सिग्नल आधीच कमकुवत करतो.

आदेश पोहोचण्याआधीच जुना सिग्नल बुडाला, तर हँडओव्हरला उशीर झाला असे म्हणतात. बोलणाऱ्याला अचानक शांतता ऐकू येते. फोन नव्या सेलशी पुन्हा जोडणी करू शकला तर आवाज परततो, नाहीतर कॉल तुटतो. हा फोन माझ्याकडे येऊन जोडला गेला, असे नवा टॉवर जुन्याला कळवतो. त्यावरून नेटवर्कला चूक ओळखता येते आणि मुदत किंवा फरक कमी करता येतो. पण तो फार कमी केला, तर सीमेवरचा फोन दोन सेलांमध्ये उगाच मागेपुढे उड्या मारू लागतो. म्हणून नुसते आकडे बदलून हा प्रश्न पुरता सुटत नाही.

त्यापेक्षा हँडओव्हरची संख्याच कमी करणे परिणामकारक ठरते. रुळांलगतचे अनेक रेडिओ एकाच सेलचे भाग म्हणून चालवले जातात, त्यामुळे कित्येक किलोमीटर फोनला सेल बदलावाच लागत नाही. मात्र त्या लांब सेलची क्षमता सगळ्या प्रवाशांत वाटली जाते. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या २०२० मध्ये पूर्ण झालेल्या सोळाव्या आवृत्तीत सशर्त हँडओव्हर आला. त्यात सिग्नल चांगला असतानाच फोनला आदेश आणि अट दोन्ही देऊन ठेवतात, आणि अट पूर्ण होताच फोन स्वतःहून सेल बदलतो. त्यासाठी संभाव्य सेलांना आधीपासून जागा राखून ठेवावी लागते, आणि फोन तिकडे आलाच नाही तर ती तेवढा वेळ अडून राहते.