‘व्हेज कोण कोण?’ आणि ‘जागा कशी हवी?’ : टीम लंचचे दोन मेसेज

ऑफिसात टीम लंच ठरायला लागलं की ग्रुपवर साधारण दोनपैकी एक मेसेज येतो. पहिला असा: ‘शुक्रवारी लंच. टीममध्ये व्हेज कोण कोण आहे, सांगा बरं.’ दुसरा असा: ‘शुक्रवारी लंच. व्हेज आणि नॉनव्हेज, दोन्हीचं पोटभर जेवण मिळेल अशी जागा सुचवा.’ लिहिणाऱ्याच्या मनात दोन्ही वेळा एकच असतं, कुणी सॅलड चिवडत बसू नये. त्यामुळे हे मेसेज सारखेच वाटतात, उलट पहिला जरा जास्त आपुलकीचा वाटतो, कारण त्यात विचारपूस आहे. पण पहिला माणसांची यादी मागतो आणि दुसरा जागेवर अट घालतो.

यादी मागितली की काय होतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. आडनावावरून ताट ओळखायचं आणि ताटावरून जात, ही खोड महाराष्ट्रात जुनी आहे. ग्रुपवर कुणी ‘मी व्हेज’ म्हटलं, की ‘अगं, पण तुम्ही लोक तर खाता ना?’ हे कुणीतरी हमखास विचारतं. कुणी गप्प राहिलं, की त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. टीममध्ये शाकाहारी जास्त असतील तर हाच काटा उलटा फिरतो आणि मटण खाणारा एकटा पडतो. प्रश्न प्रेमाने विचारला म्हणून उत्तर खासगी राहत नाही.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटोला हे एका दिवसात कळलं. शाकाहारी ऑर्डरींसाठी वेगळा ताफा आणि त्याला हिरवा गणवेश, अशी घोषणा त्यांनी केली. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले आणि सगळे पुन्हा लाल कपड्यांत आले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी कारणं दिली ती व्यवहारातली होती: लाल कपडे म्हणजे नॉनव्हेज असा समज होऊन सोसायट्या डिलिव्हरीवाल्यांना अडवतील, आणि काही ग्राहकांना घरमालकाचा त्रास होईल. ताफा वेगळा ठेवायला कुणाची ना नव्हती असं नाही, पण कंपनीने माघार घेतली ती दारात दिसणाऱ्या खुणेवर. ग्रुपवरची ‘व्हेज कोण’ची यादी हीसुद्धा अशीच सगळ्यांना दिसणारी खूण आहे.

यादीचा आणखी एक दोष आहे, तो शुद्ध हिशेबाचा. ती टिकत नाही. जानेवारीत विचारलं तर चौदा जणांत तिघं व्हेज निघतील. तोच लंच गुरुवारी ठेवा, गुरुवार पाळणारे दोघं वाढले. मंगळवार, शनिवार, संकष्टी यांचं तेच. श्रावणात तर आकडाच उलटतो, आणि गणपती होईपर्यंत न खाणारेही असतात. शिवाय ‘अंडं चालतं, मासे नाही’, ‘घरी नाही, बाहेर खातो’ असे लोक कुठल्या रकान्यात बसवणार? जागेवरची अट या सगळ्यांना पुरते. दोन्ही मिळणारी जागा असेल तर त्या दिवशी कोण काय खातंय याची नोंद ठेवायची गरजच राहत नाही.

आता दुसरा मेसेज प्रत्यक्षात कसा लिहायचा ते पाहू. समजा बाणेरमधलं ऑफिस आहे आणि टीम चौदा जणांची:

‘शुक्रवारी १ वाजता टीम लंच. ऑफिसपासून १५ मिनिटांत, माणशी ६०० रुपयांपर्यंत, व्हेज-नॉनव्हेज दोन्हीचं नीट जेवण मिळेल अशा जागा बुधवारपर्यंत सुचवा. त्यातल्या तीन निवडून मी मतदान लावतो. खाण्याची काही अडचण, पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर मला वेगळा मेसेज टाका.’

इथे व्हेजची अट वेळ, अंतर आणि बजेट यांच्या रांगेत बसली आहे. १५ मिनिटं कुणासाठी, हे जसं कुणी विचारत नाही, तसं हेही कुणी विचारत नाही. ‘आपल्यात काही जण व्हेज आहेत म्हणून’ हे शेपूट मात्र जोडायचं नाही. ते जोडलं की दुसऱ्या मेसेजचा पुन्हा पहिला होतो, कारण वाचणारा लगेच मनात माणसं मोजायला लागतो. हीच अट टीममधल्या शाकाहारी व्यक्तीला स्वतः मांडायची असली तरी वाक्य तेच चालतं. ‘माझ्यासाठी बघा हं’ म्हणायला लागत नाही.

मतदानाचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. आधी चाळणी, मग मत. मतदानात एक जरी जागा अट न पाळणारी असली, की ते मतदान हॉटेलवर होत नाही, तिघांच्या जेवणावर होतं. अकरा विरुद्ध तीन. मग तिघं ‘चालेल, मी काहीतरी बघेन’ म्हणतात आणि आयोजकाला वाटतं, सगळ्यांच्या संमतीने ठरलं. त्यात व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. यादीत तिन्ही जागा अटीत बसणाऱ्या असतील तर नाव दिसून काही बिघडत नाही.

चाळणी म्हणजे फोन करणं. कारण ‘व्हेज मिळतं’ आणि ‘व्हेज माणूस नीट जेवतो’ या गोष्टी मेनूकार्डावर सारख्याच दिसतात. हॉटेलवाला पहिल्या प्रश्नाला कधीच नाही म्हणणार नाही. ‘व्हेज आहे का?’ ‘आहे ना साहेब, सगळं आहे.’ म्हणून विचारायचं असं: स्टार्टरमध्ये व्हेज काय काय, जेवणात डाळ आणि पनीर सोडून काय, ग्रेव्ही वेगळी असते का, तळायचं तेल वेगळं का, आणि जैन करून द्याल का.

आपल्या चौदा जणांसाठी समजा चार नावं आली: एक थाय, एक मालवणी, एक कोल्हापुरी मटण थाळीवालं आणि एक पंजाबी-चायनीज मिळणारं फॅमिली रेस्टॉरंट. कागदावर थाय सगळ्यात सुरक्षित वाटतं, कारण मेनूवर ‘व्हेज ग्रीन करी’ छापलेली आहे. पण थाय करीच्या वाटणात पारंपरिकपणे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि वरून फिश सॉस पडतो. व्हेजसाठी वाटण वेगळं करतात का, याला ‘भाज्याच असतात फक्त’ असं उत्तर आलं, की समजावं वाटण एकच आहे. उलट मालवणी म्हटलं की लोक आधीच नाव खोडतात, आणि तिथे विचारलं तर काळ्या वाटाण्याची उसळ, एखादी सुकी भाजी, वडे, भात आणि सोलकढी असं अख्खं ताट निघू शकतं. हे ताट पोटभरीचं आहे, आणि मालवणी म्हणूनच खाण्यासारखं आहे. फक्त तळलेलं काही असेल तर सुरमई तळलेल्या तेलातलं नाही ना, तेवढं विचारून घ्यायचं.

कोल्हापुरी ठिकाणी रश्श्याचा प्रश्न असतो. पांढरा रस्सा मटणाच्या पाण्याचा, तांबडाही त्याच पातेल्यातला. ‘व्हेज थाळीबरोबर रस्सा कोणता देता?’ हा एकच प्रश्न पुरतो. अख्खा मसूर, भाकरी आणि वेगळा कट असेल तर जागा यादीत राहते. फॅमिली रेस्टॉरंटात बहुतेक सगळं जमतं, पण मांचाव सूपच्या पाण्याबद्दल विचारावं. काही ठिकाणी चिकनचं पाणी दोन्ही सुपांना वापरतात आणि वर चिकनचे तुकडे घालायचे की नाहीत, एवढाच फरक करतात. मेनूवरचा हिरवा ठिपका तेल आणि कढईबद्दल काही सांगत नाही.

समजा थाय गळलं. आता तीन जागांचं मतदान लावा आणि जे येईल ते येऊ द्या. थाय का गळलं याचा खुलासा ग्रुपवर करायची गरज नाही. कुणी विचारलंच तर ‘अटीत बसलं नाही’ पुरे.

टेबलावर बसल्यावर पहिला मेसेज पुन्हा डोकं वर काढतो, या वेळी वेटरच्या तोंडून. ‘व्हेज कितने लोग?’ आणि चौदा जणांसमोर तीन हात वर. हे टाळायचं तर स्टार्टर आधीच फोनवर सांगून ठेवावेत, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: व्हेज स्टार्टर सगळेच खातात. पनीर टिक्क्याच्या प्लेटमध्ये सहा-आठ तुकडे असतात. ती पहिल्या चौघांत संपते आणि कोपऱ्यात बसलेल्या शाकाहाऱ्यापर्यंत नुसता कांदा-लिंबू पोचतो. म्हणून तिघांपुरतं न मोजता चौदा जणांपुरतं मोजा. चार प्लेट व्हेज, तीन नॉनव्हेज मागवल्या तर साधारण जमतं. प्लेटी टेबलाच्या दोन्ही टोकांना ठेवायला सांगा, चमचे वेगळे.

बिल कंपनी देणार असेल तर प्रश्न नाही. वर्गणी असेल तर मात्र समान वाटणीत डाळ-भातवाला सुरमईचे पैसे भरतो आणि संकोचाने बोलत नाही. बुफेत व्हेज-नॉनव्हेजचे दर बऱ्याचदा वेगळे असतात, तिथे ज्याचा त्याचा दर घ्यावा. थाळीच्या ठिकाणी हे आपोआप होतं, आणि मला तरी मोठ्या टीमसाठी थाळीवाली जागा बरी वाटते ती याचसाठी.

जागेवरच्या अटीने सगळंच भागतं असंही नाही. ज्या स्वयंपाकघरात मांस शिजतं तिथलं न खाणारे लोक असतात. त्यांना दोन्ही मिळणारी जागा उपयोगाची नाही. असा खासगी मेसेज आला तर अटच बदलायची, ‘या वेळी प्युअर व्हेज जागा सुचवा’, कारण न देता, आणि पुढच्या वेळी मालवणी. पर्युषणात जैन सहकाऱ्याला कुठलीच जागा चालणार नाही असंही होऊ शकतं. तेव्हा तारीख हलवणं हाच उपाय. ॲलर्जीचं वेगळं आहे. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर आडपडदा न ठेवता ती त्या व्यक्तीला विचारून हॉटेलला नेमकी सांगावी लागते.

आणि टीम चारच जणांची असेल तर एवढं सगळं करू नये. कोण काय खातं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, आणि आडून अट घातली तर उलट तीच डोळ्यांत येते. तिथे जागा मनात ठरवून, ग्रुपवर टाकायच्या आधी त्यातल्या व्हेज असलेल्या एकीला चहाच्या वेळी विचारावं, ‘शुक्रवारी तिथे जाऊ या म्हणतोय, तुला जेवण आवडतं का तिथलं?’