पोषणतक्त्याचे छायाचित्र आणि त्यातील आकड्यांचा आधार

पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील पोषणतक्त्याचा फोटो काढून त्यातील आकडे माहितीसंग्रहात उतरवताना प्रत्येक आकड्याबरोबर तो पदार्थाच्या किती वजनाला लागू आहे, म्हणजे त्याचा आधार, हेही नोंदवावे लागते. हा आधार बहुधा १०० ग्रॅम (द्रवासाठी १०० मिलिलिटर) किंवा एक सर्व्हिंग असा असतो. फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ओपन फूड फॅक्ट्स या खुल्या माहितीसंग्रहात स्वयंसेवक असे फोटो आणि आकडे भरतात. तेथे वापरात आलेल्या रचनेत `nutrition_data_per` या रकान्यात `100g` किंवा `serving` असा आधार आणि `serving_size` मध्ये सर्व्हिंगचे वजन नोंदवले जाते.

गोंधळाचे मूळ देशोदेशींच्या नियमांत आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार १०० ग्रॅमचे आकडे सक्तीचे आहेत आणि सर्व्हिंगचे ऐच्छिक. अमेरिकेत तक्ता मुळातच सर्व्हिंगवर उभा असतो. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या नियमांनी दोन्ही आधार एकाच तक्त्यात आणले. १०० ग्रॅममधील, किंवा एका वेळी संपणाऱ्या पुड्यातील, घटकांचे प्रमाण द्यायचे आणि शेजारी एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या शिफारशीपैकी किती टक्के मिळते तेही द्यायचे, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे एकाच ओळीतले दोन आकडे वेगळ्या वजनाचे असतात आणि त्यांची एककेही वेगळी असतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही मांडणी फारशी सोयीची नाही.

उदाहरणादाखल शेवेच्या एका पुड्यावर १०० ग्रॅमसाठी ऊर्जा ५४० किलोकॅलरी, प्रथिने १२ ग्रॅम, कर्बोदके ४५ ग्रॅम, एकूण मेद ३५ ग्रॅम आणि सोडियम ८०० मिलिग्रॅम असे छापले आहे आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमचे आहे, असे धरू. एका सर्व्हिंगमध्ये मेद १०.५ ग्रॅम येतो. शिफारस ६७ ग्रॅमची असल्यामुळे टक्केवारीच्या रकान्यात सुमारे १६ दिसेल. सोडियमचे २४० मिलिग्रॅम २,००० च्या शिफारशीपैकी १२ टक्के भरतील. घाईत हे १६ ‘मेद १६ ग्रॅम’ म्हणून उतरले, तर तो आकडा १०० ग्रॅमचाही नसतो आणि सर्व्हिंगचाही नसतो.

अशी सरमिसळ ऊर्जेच्या हिशेबात उघडी पडते. प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि मेदाच्या ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरल्यास वरील शेवेची बेरीज ५४३ येते, म्हणजे छापील आकड्याला लागूनच. मेद तेवढा सर्व्हिंगचा घेतला, तर ती ३२३ च्या आसपास घसरते. मात्र सगळाच्या सगळा रकाना चुकीच्या आधाराखाली भरला गेला, तर हा हिशेब मूग गिळून बसतो, कारण सगळे आकडे एकाच पटीत लहान झालेले असतात. तिथे वजनांची बेरीज उपयोगी पडते. कोरड्या शेवेत तीन प्रमुख घटक मिळून १०० पैकी ९२ ग्रॅम भरतात आणि उरलेला भाग मुख्यतः पाणी व क्षारांचा असतो. ही बेरीज २७.६ आली, म्हणजे ३० च्या जरा खाली, तर सर्व्हिंगचे आकडे १०० ग्रॅमच्या रकान्यात गेले असावेत, असा संशय घ्यावा. ताकासारख्या पातळ पदार्थाला ही कसोटी लागू होत नाही. त्यात पाणीच जास्त असल्याने बेरीज मुळातच लहान असते. अशा वेळी फोटोतले रकान्याचे शीर्षक हाच पुरावा राहतो.

म्हणून फोटोत केवळ आकडे येऊन भागत नाही. रकान्यांची शीर्षके आणि सर्व्हिंगचे वजन सांगणारी ओळ, मग ती तक्त्याच्या वर असो वा खाली बारीक अक्षरांत, चौकटीत आलीच पाहिजे. चकचकीत पुड्यावर प्रकाशाची तिरीप नेमकी शीर्षकावर पडते किंवा घडीत दशांशचिन्ह हरवते आणि १०.५ चे १०५ होतात. पुडा ताणून सपाट धरला व फ्लॅश बंद ठेवला, तर हे बरेच टळते. गोल बाटलीवर तक्ता वळून जात असेल, तर दोन फोटो घ्यावेत, पण दोन्हींत शीर्षकाची ओळ यावी.

सर्व्हिंगवरून १०० ग्रॅमचे आकडे काढता येतात, पण छापताना केलेली पूर्णांकनाची चूकही त्याच पटीत वाढते. अमेरिकेत सर्व्हिंगमधील मेद ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो शून्य छापला जातो. सर्व्हिंग १५ ग्रॅमचे असेल, तर त्या शून्यामागे १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमहून अधिक मेद असू शकतो, आणि शून्याला कशानेही गुणले तरी तो परत मिळत नाही. त्यामुळे छापील आकडा त्याच्या मूळ आधारासह जसाच्या तसा ठेवून गणिताने काढलेला आकडा वेगळ्या रकान्यात ठेवणे योग्य ठरते.