एलसीतलं 'निगोशिएशन': वाटाघाट नव्हे, खरेदी

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: कागदपत्रं अटींप्रमाणे असतील तर विक्रेत्याला पैसे देण्याची आयातदाराच्या बँकेची लेखी हमी. पहिल्यांदा एलसी उघडणारा आयातदार मसुद्यात 'निगोशिएशन' वाचतो आणि त्याला वाटतं, माल बिघडला तर बोलणी करायला जागा आहे. तशी जागा या शब्दात नाही. इथे निगोशिएशन म्हणजे विक्रेत्याची कागदपत्रं त्याच्याकडच्या बँकेने पैसे देऊन, किंवा देण्याचं कबूल करून, विकत घेणं. हा अर्थ ठरेपर्यंत बराच वाद झाला, आणि त्याचा निकाल आयातदाराच्या बाजूने लागला नाही.

'युझन्स', म्हणजे पैसे देण्याची मुदत, हा शब्द मात्र फार जुना आणि साधा. त्याचा मूळ अर्थच रिवाज. लंडनहून ॲमस्टरडॅमवर काढलेल्या हुंडीसारख्या बिलाला एक महिना आणि जिनोआवर काढलेल्या बिलाला तीन महिने, ही मुदत कागदावर लिहायचीही गरज नसे. आपल्याकडच्या दर्शनी आणि मुदती हुंडीतला फरक जो, तोच आज साइट आणि युझन्स एलसीतला. आता मुदत लिहावी लागते, आणि ती कशापासून मोजायची हेही लिहावं लागतं.

एलसीसाठी बँकांनी पाळायचे एकसमान नियम, म्हणजे यूसीपी, 1933 साली आले. त्यांच्या 1993 च्या आवृत्तीने निगोशिएशनची व्याख्या केली: कागदांचं मोल देणं, कागद नुसते तपासले तर ते निगोशिएशन नव्हे. पण मोल देणं म्हणजे रोख देणं की देण्याचं वचनही चालेल, यावर बँकांमध्येच खटके उडत राहिले.

याच काळातलं एक प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. एलसी 180 दिवसांची, रक्कम सुमारे 2 कोटी डॉलर, आणि तीत निगोशिएशन नव्हतं. मुदत संपल्यावर पैसे द्यायचे एवढंच होतं. 1998 मध्ये विक्रेत्याच्या विनंतीवरून तिथल्या बँकेने मुदतीआधीच व्याज कापून पैसे दिले. काही दिवसांत कागद बनावट निघाले. 2000 साली निकाल लागला: मुदतीआधी पैसे द्यायला या बँकेला कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा फसवणुकीचा तोटा तिचा.

माझ्या मते हा निकाल योग्य होता. ज्याने स्वतःच्या फायद्यासाठी घाई केली, त्यानेच जोखीम उचलावी. पण बँकिंग वर्तुळाला तो पटला नाही. जुलै 2007 पासून लागू झालेल्या यूसीपी 600 या पुढच्या आवृत्तीने अशा एलसीतही मुदतीआधी पैसे द्यायचा अधिकार स्पष्ट लिहून दिला, आणि निगोशिएशन म्हणजे 'खरेदी', त्यात आगाऊ रक्कम द्यायचं कबूल करणंही आलं, असं ठरवलं. परिणाम असा की नेमलेल्या बँकेने प्रामाणिकपणे पैसे देऊन टाकले असतील, तर नंतर उघड झालेली लबाडी सहसा आयातदाराच्या अंगावर येते.

मग आयातदाराच्या हाती उरते ती 'डिस्क्रेपन्सी', म्हणजे एलसीच्या अटी आणि कागद यांतली तफावत. मालातला दोष ही डिस्क्रेपन्सी नव्हे. बँक पेटी उघडून बघत नाही. 1927 च्या एका ब्रिटिश निकालापासून 'जवळपास तसाच' कागद चालत नाही. यूसीपी 600 च्या प्रस्तावनेतच लिहिलंय की पहिल्या सादरीकरणात सुमारे 70 टक्के कागद नाकारले जात होते.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. एलसी 40,000 डॉलरची, बीएलच्या, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीच्या, तारखेपासून 90 दिवस, माल चढवायची शेवटची तारीख 5 मार्च. बीएलवर तारीख आली 10 मार्च. कागद मिळाल्यावर आयातदाराच्या बँकेकडे तपासायला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस असतात. ती मेल पाठवते: 'लेट शिपमेंट, स्वीकारायचं का?' मालाची निकड असलेला आयातदार एका ओळीत होकार कळवतो. त्याची बँक 8 जूनला पैसे देण्याचं तिकडे कळवते, आणि त्या भरवशावर तिथली बँक विक्रेत्याला रक्कम देऊन मोकळी होते. 20 एप्रिलला कंटेनर उघडला तर आत भंगार. आता पैसे थांबवा म्हणून कितीही सांगितलं, तरी 8 जूनला खात्यातून रक्कम जाणारच.

त्या मेलला उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे वेळ होता. 'माल उतरल्यावर तुमच्या खर्चाने तपासणी होईल, मगच तफावत माफ करतो', किंवा 'इतकी सूट द्या', असं विक्रेत्याला कळवता आलं असतं. मात्र त्याची बँक नकाराची नोटीस देण्यासाठी त्या पाच दिवसांपलीकडे थांबू शकत नाही; मुदत चुकली की तफावत असूनही कागद नाकारण्याचा तिचा हक्क जातो. म्हणजे वाटाघाटीची खरी जागा निगोशिएशनमध्ये नसून डिस्क्रेपन्सीच्या त्या मेलमध्ये असते, आणि तीही मोजक्या दिवसांची.