‘पळू नका’ ऐकूनही पोरं पळतात ती का?

विदर्भात शाळा उन्हामुळे जरा उशिरा, जून संपता संपता उघडतात. त्याच सुमारास शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. ‘मेंदूला “नाही” हा शब्द कळतच नाही. गुलाबी हत्ती आठवू नका म्हटलं की हत्तीच आठवतो. म्हणून मुलांशी कायम सकारात्मक बोला.’ यातला सल्ला बरा आहे, पण त्यामागचं कारण साफ खोटं. ‘नाही’ कळत नाही म्हणणाऱ्याने दोन वर्षांच्या पोराला भरवून पाहावं. त्याला तो शब्द कळतो, वेळेवर वापरता येतो आणि त्यावर अडून बसताही येतं. घोडं अडतं ते कळण्याच्या पुढे.

माझी भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीला शिकवते. (आमच्याकडे कुठल्याही खासगी इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन औषधालाही नसली तरी.) तिच्या आधीच्या कडक बाईंनी वर्गात एक फलक लावून ठेवला होता. वर्गात पळू नये. टाकीजवळ ढकलाढकली करू नये. दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नये. विचारल्याशिवाय बोलू नये. चपला ओळीत काढाव्यात. वाचणारं गिऱ्हाईक साडेतीन-चार वर्षांचं, म्हणजे फलक त्यांच्यासाठी नव्हताच. बाई हीच वाक्यं दिवसभर मोठ्याने म्हणत. भाचीला सांगण्यात आलं की हे सगळं प्रेमळ आणि खेळकर करून टाक.

तिने पहिला मसुदा केला तो असा: ‘माझ्या सोनूल्यांनो, आपण वर्गात पळायचं नाही हं, पळालं की पडतो ना, मग बाऊ होतो.’ आवाज मधाळ, पण आतला सांगाडा तोच. उलट वाक्य लांबलं आणि ‘पळ’ एकदाच्या ऐवजी दोनदा आलं. पोरं पळतच राहिली. फलकावरच्या पाच सूचनांपैकी काय करायचं हे फक्त शेवटची सांगते, आणि भाचीच्या म्हणण्याप्रमाणे चपला तेवढ्या ओळीत असायच्या.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. एखादी कृती थांबवणं म्हणजे नुसतं काहीच न करणं नव्हे, ते मेंदूचं स्वतंत्र काम आहे. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी १९८४ मध्ये त्याचं एक सुंदर गणित मांडलं. त्यांच्या मते मेंदूत ‘कर’ आणि ‘थांब’ अशा दोन प्रक्रिया एकमेकींशी स्पर्धा करतात. शंकरपटात दोन बैलजोड्या सुटाव्यात तसं हे आहे, फक्त ‘थांब’ची जोडी नेहमी मागाहून सुटते, कारण थांबण्याचा इशारा आधी कानावर पडावा लागतो. ‘कर’ने रेषा ओलांडली की कृती होऊन जाते, मग थांबण्याची आज्ञा कितीही नीट कळलेली असो. मोठ्या माणसात ‘थांब’ला धाव पुरी करायला साधारण पाव सेकंद लागतो. लहान मुलांत जास्त लागतो, आणि तो दर वेळी सारखाही नसतो. म्हणून तेच पोरगं सकाळी थांबतं आणि दुपारी थांबत नाही. बाईंना वाटतं, मुद्दाम करतंय.

‘थांब’ची प्रक्रिया मंद का, हे पाहायला जरा खोल जावं लागेल. कपाळामागच्या भागातून, विशेषतः उजव्या बाजूने, इशारा निघतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या इवल्याशा गाठीपर्यंत जातो. ही गाठ बेसल गँग्लिया, म्हणजे कुठली हालचाल होऊ द्यायची ते ठरवणाऱ्या गाठींचा समूह, याच्या बाहेर पडणाऱ्या दाराला जोर देते. ते दार मुळातच थॅलॅमसला, म्हणजे हालचालीचा हुकूम पुढे धाडणाऱ्या भागाला, दाबून धरणारं असतं, म्हणजे दाबणाऱ्याला आणखी जोर मिळाला की स्नायूंकडे जाणारा हुकूम अडतो. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: ही साखळी जिथून सुरू होते तो कपाळामागचा भाग मेंदूत सगळ्यात उशिरा पिकतो, पार विशीच्या मध्यापर्यंत. साडेतीन वर्षांच्या पोरात ब्रेक बसवलेला आहे, पण तो अजून लागेलच असं नाही. (तालुक्याच्या गावी डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ करून देणारे वर्ग याच पिकण्याला महिन्याभरात उरकून देतो म्हणून पैसे घेतात. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मुलं वाचतात, मेंदूचा त्यात काही संबंध नाही.)

त्यात आपल्या वाक्यरचनेची भर. ‘पळू नका’, किंवा पोरांच्या घरच्या वऱ्हाडीत ‘पयू नोको’, यात कृती आधी येते आणि नकार मागून. उशिरा सुटणाऱ्या जोडीला आपण आणखी उशीर करतो.

मग करायचं काय? याचा एक धागा मॉस्कोत सापडतो. अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देत आणि दिवा लागला की तो दाबायला सांगत. दोन-अडीच वर्षांचं मूल दाबू लागलं की दाबतच राही. ‘आता दाबू नको’ म्हटलं तर कधीकधी आणखी जोरात दाबी. मग लुरियांनी सूचना बदलली: दिवा लागला की दाब, आणि मग हात गुडघ्यावर ठेव. फुगा सुटला! थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं. हाताला पुढचं काम दिलं होतं आणि त्या कामात थांबणं आपोआप होऊन गेलं. हे प्रयोग इंग्रजीत १९६१ साली पुस्तकरूपाने आले. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत मूल स्वतः बोलून आपल्या हालचाली आवरतं, हे लुरियांचे निष्कर्ष पुन्हा तपासले गेले तेव्हा ते तसेच्या तसे मिळाले नाहीत, त्यामुळे त्यांचा सगळा सिद्धांत डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण नकाराच्या जागी दुसरी कृती द्यायची, एवढी युक्ती आपण उचलू शकतो.

गंमत म्हणजे आपल्या कडक मास्तरांना ही युक्ती कधीची ठाऊक आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ यात एकही नकार नाही. हातांना काम, बोटाला काम, आणि ओठांवर बोट असताना बडबडणं जडच जातं. रचना उत्तम आहे. ती बिघडते वेळेमुळे. चार वर्षांचं मूल ही मुद्रा जेमतेम एखादं मिनिट धरेल आणि बाई हजेरी संपेपर्यंत धरायला लावतात.

वेळ वाढवायची कशी, त्यालाही उत्तर आहे. १९४८ मध्ये मनुयलेन्को या सोव्हिएत संशोधिकेने तीन ते सात वर्षांच्या मुलांना न हलता उभं राहायला लावलं. आधी नुसतं सांगून, मग कारखान्याच्या पहारेकऱ्याची भूमिका देऊन. पहारेकरी झालेली चार-सहा वर्षांची मुलं कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. अगदी लहानग्यांना मात्र त्याचा विशेष फायदा झाला नाही. खेळकर सूर उपयोगी पडतो तो इथे. तो नुसता गोडवा राहत नाही, अंग कसं धरायचं याचा नमुना होतो.

डब्याच्या सुट्टीआधी हात धुवायला पोरं व्हरांड्यातून टाकीकडे सुसाट सुटत, फरशी ओली, रोज कोणी ना कोणी आपटे. भाचीने दुसरा मसुदा केला: ‘आपण सगळे मांजरं!’ पाच-सहा पावलं छान गेली. मग एकाला उंदीर दिसला, आणि मांजर उंदरामागे जसं जातं तसा सगळा वर्ग टाकीकडे गेला. भूमिका निवडताना चूक झाली होती. मांजराला पळायची मुभा असते. जिच्यात हळू चालणं अंगभूतच आहे अशी भूमिका हवी होती.

ती तिला गावातच सापडली, गुंडात, म्हणजे पाणी भरायच्या हंड्यात. ‘डोक्यावर भरलेला गुंड घ्या. दोन्ही हातांनी धरा. चला, आईसारखं पाणी आणू.’ डोक्यावर पाण्याचा गुंड घेतलेली बाई पळत नाही, हे त्या पोरांना सांगावं लागत नाही, त्यांनी हापशीवर रोज पाहिलेलं असतं. शिवाय दोन्ही हात डोक्यावर गेले, म्हणजे ढकलाढकलीही त्यातच मिटली. फलकावरचे दोन नकार गेले आणि ‘नको’ एकदाही म्हणावं लागलं नाही. टाकीशी पोचल्यावर ‘गुंड उतरवा’, मग ‘नळाखाली हात’. एका वेळी एकच सूचना, आणि पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही, कारण या वयात तीन सूचना एकदम दिल्या की शेवटची तेवढी उरते.

वेळही महत्त्वाची आहे. सूचना पोरं बसलेली असताना द्यायची. पहिलं पोरगं उठून सुटलं की स्पर्धा सुरू झाली, मग गुंड आठवून काही होत नाही. सूचना लागू पडली की नाही ते पहिल्या दोन-तीन पावलांतच दिसतं. हात वर गेले आणि मान ताठ झाली तर ती टाकीपर्यंत तशी जातील. नुसतेच ‘हो बाई’ म्हणून ओरडले तर नाही. तीन वर्षांच्या दोघांना ही कल्पना पेलली नाही, त्यांच्या हातात खरीच पाण्याची अर्धी भरलेली बाटली द्यावी लागली. आणि गुंडाचाही कंटाळा येतो. मग दुधाची कॅन येते, गणपती येतो.

बाकीच्या ओळी पटकन उरकल्या. डब्याला हात लावू नये याचं झालं, ‘आपला डबा मांडीवर, त्याला दोन्ही हातांची कुंपणं’. बोलू नये याचं झालं, ‘बोलायचं असेल तो हातात खडू घेईल’.

गोड बोलण्याच्या नादात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे प्रश्न. ‘हात धुवायला जायचं का आपण?’ याला ‘नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते आल्यावर बाई रागावल्या तर पोराला काय चुकलं ते उमगत नाही. दुसरी म्हणजे टोमणा. ‘पय, अजून पय, पडला म्हंजे समजते!’ आपल्याकडे प्रेमानेही असंच बोलतात, पण उपरोध कळायला बहुतेक मुलांना सहाव्या वर्षाच्या आसपास यावं लागतं. त्याआधी ती आज्ञा असते, आणि पोरगं पळतं.

रस्त्यावर ट्रॅक्टर आला, आडोशाला साप दिसला, तर गुंड नाही आणि गाणं नाही. तिथे एकच शब्द, मोठ्याने: ‘थांब!’ तो कामाला यावा म्हणून आधी खेळात मुरवावा लागतो. बर्फ-पाणी आमच्या पोरांना येतंच. फक्त सुरुवातीला ‘बर्फ’च्या जागी ‘थांब’ म्हणायचं, आणि ते पोरं चालत असताना म्हणायचं. चालताना जमलं की भरभर चालताना, ते जमलं की पळताना. आणि एरवी दिवसभर तो शब्द वापरायचा नाही.